चार अंशांचा तळ : होपचे उपकरण आणि थर्माकोलचे तळे, नागपूर

1 डिसेंबर

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात दर रविवारी आठवी-नववीची आठ-दहा मुले जमतात आणि मी त्यांच्याबरोबर विज्ञानाचे प्रयोग करते. यंदा 26 जानेवारीच्या प्रदर्शनासाठी एका मुलीने प्रश्न निवडला : श्रीनगरच्या दल सरोवराचा पृष्ठभाग कडाक्याच्या थंडीत गोठतो, तरी त्यातले मासे जिवंत कसे राहतात? आमचा फुटाळा तलाव कधी गोठत नाही, त्यामुळे उत्तर डोळ्यांनी दाखवायचे तर ते तयारच करावे लागणार होते. मी थॉमस चार्ल्स होप यांचा प्रयोग ठरवला. एडिंबराच्या या रसायनशास्त्रज्ञाने 1805 मध्ये आपले काम प्रसिद्ध केले. त्याआधी पाण्याचे थंडीतले प्रसरण काचेच्या फुग्यात आणि नळीत मोजत असत, पण काच स्वतःही आकसते, त्यामुळे फुगले ते पाणी की आकसली ती काच, हा वाद मिटत नव्हता. होप यांनी आकारमान मोजणेच सोडून दिले. त्यांनी उंच भांड्यात वर आणि खाली एकेक तापमापी ठेवली, मधोमध थंडी दिली आणि कोणते पाणी कुठे जाते एवढेच पाहिले.

या नोंदी पुढे कोणी हेच करून पाहणार असेल त्याच्यासाठी आहेत. ज्या चुकांत आमचे चार रविवार गेले, त्या इथे सविस्तर लिहिल्या आहेत.

3 डिसेंबर

मूळ प्रश्नाआधी बर्फ तरंगतो का, हे मुलांनी मोजावे म्हणून 100 मिलिलिटरच्या काचेच्या मोजपात्रात 80 खुणेपर्यंत पाणी भरून ते रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले. सकाळी पात्र उभे चिरलेले होते. पृष्ठभाग आधी गोठतो, वरचे तोंड बंद होते आणि खालच्या पाण्याला फुगायला जागा उरत नाही, हे मला ठाऊक असूनही घाईत काच वापरली. 180 रुपये गेले. दुसऱ्या रात्री सरळ भिंतींचे प्लास्टिकचे पात्र घेतले, तेव्हा बर्फ 87 च्या खुणेपर्यंत आला. पाणी गोठताना आकारमान सुमारे 9 टक्के वाढते, म्हणजे 80 चे 87 हे योग्यच.

हे अपवादात्मक आहे, हे पटवायला मला प्रयोगशाळा लागली नाही. त्याच सकाळी न्हाणीघरातल्या खोबरेल तेलाची बाटली अर्धवट थिजलेली होती आणि थिजलेला पांढरा भाग तळाशी बसला होता. साजूक तुपाचा रवाही बरणीच्या तळाशी बसतो. बहुतेक द्रव थिजले की त्यांचे रेणू अधिक दाटीने बसतात, म्हणून घन भाग बुडतो. पाण्याच्या रेणूंना मात्र बर्फात आपल्या चार शेजाऱ्यांशी ठरावीक दिशांनीच हायड्रोजन बंधांनी जोडून घ्यावे लागते आणि त्या मांडणीत मध्ये पोकळ्या राहतात. बर्फाची घनता दर घनसेंटिमीटरला 0.917 ग्रॅमच्या आसपास असते, म्हणून तरंगणाऱ्या बर्फाचा साधारण बारावा भाग पाण्याबाहेर दिसतो.

पाणी गोठण्याआधीही या बंधांची चाहूल लागते. तापमान उतरताना एकीकडे रेणूंची धावपळ कमी होऊन पाणी आकसते आणि दुसरीकडे बर्फासारखी मोकळी मांडणी वाढू लागल्याने ते फुगते. सुमारे 4 अंशांना (नेमके 3.98) या दोन्ही गोष्टी एकमेकींना तोडीस तोड होतात आणि पाणी सर्वांत जड असते. त्याखाली ते पुन्हा हलके होत जाते. आम्हाला दाखवायचे होते ते एवढेच.

8 डिसेंबर

इतवारीतल्या पत्र्याचे काम करणाऱ्या भाऊंकडून भांडे करून घेतले. अर्धा मिलिमीटर जाडीच्या जस्ती पत्र्याचे नळकांडे, व्यास 10 सेंटिमीटर, उंची 40 सेंटिमीटर. तळापासून 15 ते 25 सेंटिमीटर या पट्ट्यात बाहेरून गोल हौद डाग देऊन बसवला. यातच बर्फ आणि मीठ भरायचे. मजुरीसह 650 रुपये झाले. ‘मॅडम, याच्यात काय शिजवता?’ असे त्यांनी विचारले. शिजवत नाही, थंड करते, म्हटल्यावर त्यांनी शिवण पुन्हा एकदा तपासून दिली.

याआधी मी 3 मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिकची नळी वापरून पाहिली होती, कारण आत दिसले असते. अ‍ॅक्रिलिकमधून उष्णता इतकी सावकाश जाते की दोन तासांत खालचे पाणी जेमतेम 9 अंशांवर आले. पारदर्शकतेचा मोह सोडावा.

तापमानासाठी स्टीलच्या टोपीतले DS18B20 जातीचे तीन संवेदक सीताबर्डीतून आणले आणि ते आर्डुइनो या छोट्या नियंत्रक-बोर्डाला जोडले. पारा असलेल्या तापमापीची नळी भांड्यात बुडते आणि आकडा वाचायला ती वर उचलावी लागते, म्हणून हा मार्ग. एक सूचना : मध्येच आकडा बरोबर 85 आला, तर ते तापमान नसते. संवेदकाने मोजमाप पूर्ण करण्याआधीच तुम्ही वाचलेले असते.

15 डिसेंबर

या नोंदीसाठी बाकीच्या सगळ्या नोंदी आहेत, असे म्हटले तरी चालेल.

या संवेदकांची अचूकता अधिकउणे अर्ध्या अंशाची आहे. आम्हाला 4 आणि 5 यांतला फरक हवा होता, तेव्हा प्रत्येकाची शून्याशी पडताळणी करणे भाग होते. मी घरी उंच स्टीलच्या पेल्यात फिल्टरचे पाणी घेतले, वर फ्रीजमधले बर्फाचे खडे टाकले, पेला थर्माकोलच्या खोक्यात ठेवला आणि तिन्ही संवेदक तळापर्यंत सोडले. अर्ध्या तासाने आकडे आले 3.9, 4.3 आणि 3.7. वर बर्फ तरंगत होता, म्हणजे पाणी शून्यावर असणारच, असे गृहीत धरून मी तिन्ही संवेदक चार अंश जास्त दाखवतात असा निष्कर्ष काढला, स्वस्त मालाला दोन शब्द लावले आणि तेवढी वजाबाकी प्रोग्रॅममध्ये घालून टाकली :

```
float t = sensors.getTempC(addr[i]) - offset[i];
```

रविवारी भांड्यात पाणी भरले, बाहेरून थर्माकोल गुंडाळला, हौदात बर्फ आणि मीठ भरले. खालचा आकडा भराभर उतरला आणि 0.3 वर येऊन थांबला. मुलांना वाटले की खाली बर्फ होणार. मी लांब चमच्याने तळ चाचपला, तर बर्फाचा कणही नव्हता. तासभर आकडा तिथेच राहिला. मग प्रश्न निवडलेल्या त्या मुलीने शांतपणे विचारले, ‘मॅडम, तुम्ही पेल्यात मोजलं तेव्हा पाणी ढवळलं होतं का?’

ढवळले नव्हते. पेल्यात बर्फ वर होता, त्याला लागलेले पाणी शून्याच्या जवळ, हलके, म्हणून ते वरच राहिले. 4 अंशांचे जड पाणी तळाशी जाऊन बसले आणि संवेदक नेमके तिथे होते. म्हणजे जो परिणाम दाखवायला मी 650 रुपयांचे भांडे केले, तो घरच्या पेल्यात आधीच घडून गेला होता आणि मी त्याला यंत्राचा दोष ठरवून वजा केले होते. संवेदक बिचारे खरे बोलत होते.

शून्याची पडताळणी अशी करावी : बर्फ फडक्यात घालून बत्त्याने बारीक कुटावा, पेला तळापासून तोंडापर्यंत त्याने गच्च भरावा, फटी भरतील एवढेच पाणी घालावे आणि सुटणारे जादा पाणी काढून टाकत राहावे. संवेदक चुऱ्याच्या मध्यभागी खुपसावा. अधूनमधून ढवळावे. अशा पडताळणीत आमचे संवेदक 0.1, 0.4 आणि उणे 0.2 दाखवू लागले. हे तिघांचे खरे दोष. बर्फ आणि पाणी दोन्ही शुद्ध हवेत, कारण खारट पाणी शून्याखाली जाते. बर्फाच्या कारखान्यातली लादी हौदासाठी ठीक आहे, पडताळणीसाठी घरी जमवलेला बर्फ घ्यावा.

22 डिसेंबर

पडताळणी झाल्यावर पहिला खरा प्रयत्न. सुरुवात 14 अंशांच्या पाण्याने. हौदात तीन भाग कुटलेला बर्फ आणि एक भाग जाडे मीठ. पाऊण तास झाला तरी खालचा आकडा 11.5 च्या खाली जाईना. आठवडाभरापूर्वी, चुकीची वजाबाकी दुरुस्त करून पाहिले तर, हाच संवेदक तेवढ्या वेळात 4 पर्यंत आला होता. बर्फ ताजा, मीठ पुरेसे, थर्माकोल जागेवर. नेमके काय बदलले होते?

मीठ टाकणारा बदलला होता. हौदाच्या आणि भांड्याच्या तोंडात फार अंतर नाही आणि एका उत्साही मुलाने हौदात मुठीने मीठ फेकताना थोडे आत सांडले होते. दाणे तळाशी जाऊन विरघळले. मी नळीने तळाचे थोडे पाणी ओढून जिभेवर ठेवले, तेव्हा खारटपणा स्पष्ट कळला. खात्रीसाठी एक थेंब तव्यावर आटवला, पांढरा डाग राहिला. वरच्या पाण्याचा थेंब तव्यावर काहीच ठेवून गेला नाही.

इतक्या थोड्या मिठाने एवढा फरक का, हे आकड्यांवरून पाहावे. शून्य अंशाचे पाणी आणि 4 अंशांचे पाणी यांच्या वजनात दर लिटरला फक्त 0.13 ग्रॅमचा फरक असतो. लिटरभर पाण्यात एक ग्रॅम मीठ विरघळले, तर ते याच्या पाचपटींहून अधिक जड होते. म्हणजे तापमानाचा हा सगळा खेळ मिठाच्या काही कणांनी मोडतो. आमच्या भांड्यात तळाला खारट, जड थर तयार झाला, वरून येणारे थंड गोडे पाणी त्यावरच थांबले आणि तळाचे पाणी जिथल्या तिथे 11.5 अंशांवर राहिले. समुद्रात तळ चार अंशांचा राहत नाही, त्याचे मूळही मिठातच आहे : पाण्यात हजार भागांना सुमारे 25 भाग क्षार असले, की सर्वाधिक घनतेचे तापमान गोठणबिंदूपर्यंत खाली येते आणि त्याहून खारट पाणी गोठेपर्यंत जडच होत जाते. आमची गोष्ट गोड्या पाण्याच्या तळ्यांपुरतीच आहे, हे फलकावर ठळक लिहायचे ठरले.

उपाय साधा. मीठ भरताना भांड्याच्या तोंडावर ताट झाकायचे आणि मीठ मुठीने नव्हे, वाटीने घालायचे.

29 डिसेंबर

भांडे स्वच्छ धुऊन पुन्हा 14 अंशांनी सुरुवात केली. या वेळी खालचा संवेदक 50 मिनिटांत 4.2 वर आला आणि थांबला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण पुस्तकातल्या आलेखात त्यानंतर वरचा आकडा झपाट्याने शून्याकडे जातो, तो आमच्याकडे 11 वर अडून बसला. तासाभरात अर्धा अंशही उतरला नाही.

हा दोष मला दोन दिवस कळला नाही, कारण मी फक्त ‘4 च्या खाली पाणी हलके होते, म्हणून वर जाते’ एवढेच डोक्यात धरून बसले होते. हलके होते, पण कोणापेक्षा? शून्य अंशाच्या पाण्याची घनता 0.99984 आहे आणि 8 अंशांच्या पाण्याची 0.99985, म्हणजे जवळजवळ सारखीच. 11 अंशांचे पाणी याहून हलके, सुमारे 0.9996. तेव्हा हौदाच्या पट्ट्यात एक-दोन अंशांपर्यंत थंड झालेले पाणी तळाच्या चार अंशांच्या पाण्यापेक्षा हलके असले, तरी वरच्या 11 अंशांच्या पाण्यापेक्षा जडच राहते. ते खालीही जात नाही आणि वरही जात नाही. मधोमध थंड पाण्याचा पट्टा अडकतो आणि वरचे पाणी झाकणासारखे बसते.

यावरचा उपाय असा की सुरुवातीचे पाणीच 8 ते 9 अंशांचे घ्यावे, म्हणजे थोड्याशा मिसळण्याने वरचे पाणी 8 च्या खाली येते आणि मग वाट मोकळी होते. नागपूरला डिसेंबरच्या रात्री माठातले पाणी 14-15 पर्यंत येते, पुढचे फ्रीजने करावे. शिवाय पाण्याची पातळी हौदाच्या वर 15 ऐवजी फक्त 8 सेंटिमीटर ठेवावी.

5 जानेवारी

साधले. सुरुवात 8.5 अंशांनी. सकाळी 9.40 ला हौद भरला. 20 मिनिटांनी खाली 5.1, वर 8.2. 35 मिनिटांनी खाली 4.2, वर 7.6. तिथून खालचा आकडा हललाच नाही आणि वरचा घसरू लागला. तासाभराने वर 2.9, 80 मिनिटांनी 0.4. खालचे पाणी थंड होताना वरचे थांबले होते, वरचे थंड होताना खालचे थांबले. मुलांनी दोन्ही रेषा आलेखकागदावर काढल्या तेव्हा त्यांची फुली वाचनालयाच्या भिंतीवरून दिसेल एवढी ठसठशीत आली.

95 मिनिटांनी पृष्ठभागावर पारदर्शक सुया दिसू लागल्या. इथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगावी लागेल. पृष्ठभागावरचा सगळाच बर्फ पृष्ठभागावर तयार झालेला नव्हता. हौदातले मिश्रण उणे 15 च्या आसपास असल्याने पत्र्याच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या आतच बर्फाचे कडे धरले होते. भांड्याला धक्का लागला तेव्हा त्याचा तुकडा सुटून वर आला. प्रेक्षकांना तो वरच गोठला असे वाटेल, पण ते खरे नाही. पुढच्या वेळी खालचा आकडा 4 वर स्थिरावल्यानंतर नवे मीठ न घालता फक्त साधा बर्फ भरत राहिलो, तेव्हा हे कडे फार पातळ झाले.

11 जानेवारी

होपच्या भांड्यात थंडी मधोमध द्यावी लागते. तळ्याला ती वरून मिळते. म्हणून दुसरे उपकरण : 40 बाय 30 सेंटिमीटरचे थर्माकोलचे खोके, आत प्लास्टिकचे अस्तर, 18 सेंटिमीटर खोल पाणी. हे आम्ही आधी ओळखीच्या एका डेअरीच्या मोठ्या फ्रीजरमध्ये झाकण न लावता रात्रभर ठेवले. सकाळी वर दीड सेंटिमीटर बर्फ होता, पण तळाचा आकडा 2.3 निघाला. थर्माकोलमधूनही थंडी शिरते आणि फ्रीजरची हवा खोक्याच्या चारही बाजूंनी आणि खालून लागत होती. तळ्याला असे कोणी खालून थंड करत नाही. उलट उन्हाळ्यात तळातल्या गाळात साठलेली ऊब हिवाळ्यात हळूहळू पाण्याला परत मिळते.

(थर्माकोलशिवाय, नुसत्या स्टीलच्या डब्यात हा प्रयोग करू नये. त्यात बर्फ भिंतींकडून आत वाढतो आणि शेवटचे पाणी मध्यभागी कोंडून वर टेंगूळ येते. फ्रीजमधल्या बर्फाच्या खड्यांवर हेच टेंगूळ दिसते.)

12 जानेवारी

फ्रीजर सोडून दिला. खोके वाचनालयाच्या 20 अंशांच्या खोलीतच ठेवले, त्यावर दोन लाकडी पट्ट्या आडव्या टाकल्या आणि स्टीलची परात अशी टेकवली की तिचा तळ पाण्याला लागेल. परातीत बर्फ आणि मीठ. आता थंडी फक्त वरून आणि खोलीची थोडी ऊब बाजूंनी, म्हणजे गाळाच्या जागी नागपूरची हवा. संवेदक पृष्ठभागापासून 3, 10 आणि 17 सेंटिमीटरवर.

सकाळी 10 ला तिन्ही आकडे 11 च्या आसपास. पहिले तीन तास तिघे एकत्रच उतरले, कारण वर थंड झालेले पाणी जड होऊन खाली जात होते आणि खालचे वर येत होते. गार हवेत आख्खे तळे असेच ढवळले जाते आणि तळापर्यंत प्राणवायू पोहोचतो, तोही याच काळात. दुपारी 1 ला तिघेही 4.3 ते 4.6 मध्ये. मग ताटातूट झाली. वरचा एकटाच खाली गेला. दुपारी 3 ला वर 0.6, मध्ये 3.9, तळाशी 4.4, आणि परातीखाली दोन सेंटिमीटर बर्फ.

बर्फाचा पहिला सेंटिमीटर साधारण 25 मिनिटांत आणि दुसरा 50 मिनिटांत धरला. बर्फ जाड होत गेला की तोच थंडीच्या वाटेत आडवा येतो आणि स्वतःची वाढ मंदावतो. याच कारणाने लांब हिवाळ्यातही खोल तळी तळापर्यंत गोठत नाहीत. बर्फ बुडणारा असता तर दर वेळी नवे पाणी उघडे पडले असते, गोठले असते, बुडाले असते आणि तळे खालून भरत आले असते. खोबरेल तेलाची बाटली तशीच भरते.

परात बर्फाला घट्ट चिकटली. ती ओढू नका. आम्ही ओढली आणि अस्तर फाटले. परातीत साधे पाणी ओतून दोन मिनिटे थांबले की ती आपोआप सुटते.

19 जानेवारी

मुलांना खोक्यात गप्पी मासे सोडायचे होते. मी नाही म्हटले. डासांच्या अळ्या खायला आपल्याकडे टाक्यांत सोडतात ते गप्पी उष्ण प्रदेशातले आहेत, 4 अंशांत ते मरतील आणि दोष पाण्याला लागेल. थंड तळ्यांतल्या माशांचे शरीर त्या तापमानाला सरावलेले असते. त्यांच्या हालचाली मंदावतात, भूक कमी होते, प्राणवायूही कमी लागतो, आणि त्या बेतशीर साठ्यावर ते हिवाळा काढतात.

त्या साठ्यालाही मर्यादा आहे. बर्फाचे झाकण वाऱ्याला आणि हवेला अडवते, त्यामुळे नवा प्राणवायू येत नाही. बर्फ नितळ असेल तर उजेड आत जातो आणि पाणवनस्पती थोडा प्राणवायू करत राहतात. त्यावर जाड हिम साचले की तेही थांबते, आणि गाळ कुजत असलेल्या उथळ तळ्यांत मासे थंडीने नव्हे, गुदमरून मरतात. खूप उथळ डबके तर तळापर्यंत गोठतेच. फलकावर ‘4 अंशांमुळे मासे वाचतात’ असे लिहिले होते, ते खोडून ‘4 अंशांमुळे तळ द्रव राहतो’ असे केले.

26 जानेवारी

प्रदर्शनात होपचे भांडे दोनदा आणि खोके एकदा चालवले. पहिल्या फेरीत खालचा आकडा 4.1, दुसऱ्या फेरीत 4.5. दुसऱ्या वेळी खोली माणसांनी भरून 26 अंशांवर गेली होती. लोकांना सर्वांत जास्त आवडला तो स्टीलचा पेला. आम्ही तो मुद्दाम मांडला होता : वर तरंगता बर्फ, एक संवेदक बर्फाला लागून, एक तळाशी. वर 0.2, तळाशी 4.1. एका आजोबांनी विचारले, मग माठात बर्फ टाकला तर तोटीतून सर्वांत थंड पाणी का येत नाही? तोटी तळाशी असते म्हणून. त्या मुलीने मला उत्तर देऊच दिले नाही.

एकूण खर्च : भांडे 650, संवेदक आणि आर्डुइनो मिळून 760, अ‍ॅक्रिलिकची वाया गेलेली नळी 420, फुटलेले मोजपात्र 180, बर्फाच्या लाद्या आणि मीठ सगळे मिळून 900 च्या आसपास. थर्माकोलचे खोके औषधांच्या दुकानातून फुकट.

2 मार्च

एका शाळेने बोलावले म्हणून भांडे पुन्हा चालवले. खोलीत 33 अंश. दोन थर थर्माकोल लावूनही खालचा आकडा 5.8 च्या खाली गेला नाही, आणि वर बर्फ धरलाच नाही. नळकांड्याच्या तळाला थर्माकोल नव्हता, फक्त बाजूंना होता, हे परत आणताना लक्षात आले. तळाखाली पाच सेंटिमीटरची चकती कापून चिकटवली आहे. ती पुरते का, हे आता डिसेंबरातच कळेल. तोवर भांडे माळ्यावर, पालथे घालून ठेवले आहे, म्हणजे शिवणीत पाणी राहून गंज धरणार नाही.